कार्नो नकाशातील चुकीचा गट कसा ओळखावा

सोलापुरातील पदविकेच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला वारंवार दिसणारी चूक म्हणजे कार्नो नकाशाचे स्तंभ 00, 01, 11, 10 ऐवजी 00, 01, 10, 11 या क्रमाने लिहिणे. त्यामुळे F(A,B,C) = Σm(1,2) मधील दोन 1 शेजारी भासतात आणि उत्तर A' येते. दोन घरांच्या गटातून नेहमी एकच चल गळते. येथे B आणि C दोन्ही गळले, म्हणजेच गट चुकला.

सत्यता सारणीशी ताडताना केवळ 1 असलेल्या ओळी पाहू नयेत, कारण ओळ 1 व 2 मध्ये A' बरोबरच ठरते. चूक उघड होते ती 0 असलेल्या ओळ 0 व 3 मध्ये, जिथे A' मात्र 1 देते. योग्य उत्तर A'B'C + A'BC' आहे, आणि गुणाकारांच्या बेरजेच्या रूपात ते याहून लहान होत नाही.