मामांचा ट्रॅक्टर आणि दोन मुलाखती

राज्यसेवेच्या मुलाखतीला मी दोनदा बसलो. पहिल्या वेळी १०० पैकी ३८ गुण पडले, दुसऱ्या वेळी ५७. दोन्ही खेपा जुन्या पद्धतीतल्या, म्हणजे मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० गुणांची होती तेव्हाच्या. आता नव्या रचनेत लेखी १७५० आणि मुलाखत २७५ गुणांची झाली आहे, पण खोलीत बसल्यावर होणारं बोलणं त्याच जातीचं असणार. मधल्या वर्षात माझं वाचन फारसं वाढलं नव्हतं. ‘समतोल उत्तर’ या शब्दाचा मी काढलेला अर्थ मात्र पार बदलला होता. त्याबद्दलच लिहितो.

पहिल्या मुलाखतीत समोर तिघं होते. मध्ये आयोगाचे सदस्य, डावीकडे प्रशासनातले एक निवृत्त अधिकारी, उजवीकडे एक प्राध्यापिका. माझा तालुका सांगोला. त्यामुळे दुष्काळ, डाळिंब, तेल्या रोग आणि एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख हे सगळं मी घोकून गेलो होतो. अधिकाऱ्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, “माण नदीतून वाळू जाते. तुम्ही तहसीलदार आहात. रात्री एक वाजता ट्रॅक्टर पकडला, तो तुमच्या सख्ख्या मामांचा निघाला. काय कराल?”

मी म्हणालो, “सर, अवैध उपसा हा गंभीर प्रश्न आहे. पर्यावरण आणि विकास यांचा समतोल साधावा लागेल. नातं आणि कर्तव्य या दोन्ही बाजूंचा विचार करून, सर्वांना विश्वासात घेऊन…”

“ट्रॅक्टर सोडणार की अडकवणार?”

“नियमानुसार योग्य ती कारवाई करीन.”

“कोणता नियम?”

तिथे मी गप्प झालो. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रस गेला होता आणि ते मला दिसत होतं. दोन्ही बाजूंच्या मध्ये जाऊन उभं राहणं म्हणजे समतोल, असं मला क्लासच्या नोट्स वाचून वाटत आलं होतं. मंडळाला मात्र माणूस निर्णय घेतो का आणि त्या निर्णयात कुणाचं काय जाईल याचं भान त्याला आहे का, एवढंच बघायचं असतं. त्या भानाला ते समतोल म्हणतात.

गावी परतल्यावर ओळखीच्या एका तलाठी भाऊसाहेबांकडे जाऊन बसलो आणि हाच प्रश्न त्यांना घातला. ते हसले. म्हणाले, “आधी पंचनामा करायचा. वाळू सकाळपर्यंत थांबत नसती.” मग त्यांनी क्रम सांगितला. ट्रॅक्टरचा नंबर, चालकाचं नाव, जागा, वेळ, ट्रॉलीत किती ब्रास वाळू आहे ते पंचांसमोर लिहायचं आणि वाहन ताब्यात घेऊन तहसील किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात लावायचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मधलं पोटकलम ७ दंडाचं आहे, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. पोटकलम ८ वाहन जप्तीचं. इथपर्यंतचं मी पुस्तकातही वाचू शकलो असतो. पुढचं वाक्य मात्र पुस्तकात सापडलं नसतं: “पकडायचं काम तुमचं, पण दंडाची सुनावणी मामाच्या गाडीची तुम्ही घ्यायची नाही. प्रांतांना लेखी कळवायचं, नातं आहे म्हणून, आणि प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडं द्या म्हणून सांगायचं.”

वर्षभराने दुसऱ्या मुलाखतीत हा प्रश्न दुसऱ्या रूपात आला. पॅनेल वेगळं होतं. सदस्यांनी विचारलं, “तुमच्या तालुक्यात तुमचीच बदली झाली, नातेवाईक वाळूच्या धंद्यात आहेत, तर?” माझं उत्तर साधारण असं होतं:

“सर, वाहन तिथेच ताब्यात घेईन आणि पंचनामा करीन, कारण उशीर झाला तर पुरावा जातो. दंडाची सुनावणी मी घेणार नाही. नातं लेखी कळवून ते प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्याची विनंती प्रांताधिकाऱ्यांना करीन. मी स्वतः पूर्ण दंड लावला तरी लोक म्हणतील दिखावा केला, कमी लावला तर म्हणतील सोडलं. घरात यावरून वाद होईल. तो मला पत्करावा लागेल.”

ते म्हणाले, “आणि घरकुलवाल्याला वाळू मिळत नाही, तो रात्री एक ट्रॉली नेतो, त्यालाही पाचपट?”

हा खरा समतोलाचा प्रश्न. इथे कडक दिसण्याचा मोह होतो. मी सांगितलं की वाहन सापडलं तर पंचनामा त्याचाही होईल, त्याला वेगळा कायदा लावता येणार नाही. पण कलमात ‘पाचपटीपर्यंत’ आहे. रोजचा धंदा करणारा आणि एकदाच सापडलेला यांत फरक करायला तिथे जागा आहे, आणि तो फरक आदेशात कारणांसह लिहावा लागेल. शिवाय घरकुलवाल्याला रीतसर वाळू मिळत नसेल तर ती प्रशासनाची अडचण आहे, त्याचा प्रस्ताव मी वर पाठवीन. सदस्यांनी मान हलवली नाही, हसलेही नाहीत. पण त्यांनी यावर आणखी तीन प्रश्न विचारले. मंडळ तुमच्या उत्तरात शिरून पुढे विचारत राहिलं तर समजा की उत्तरात काहीतरी आहे. विषय पटापट बदलत राहिले तर बहुतेक वेळा नसतं.

व्यक्तिमत्त्वाचे प्रश्न म्हणून जे ओळखले जातात ते तुमच्या अर्जातूनच निघतात. म्हणून मी माझ्या माहितीच्या फॉर्मची प्रिंट काढली आणि प्रत्येक ओळीखाली ‘यावरून चिडवायचं असेल तर काय विचारतील’ ते लिहिलं. चिडवायचंच, कौतुकाचं नाही. मेकॅनिकल इंजिनिअरिंग, चाकणला चौदा महिने नोकरी, मग चार वर्षं काही नाही. छंद: कुस्ती बघणं. पसंतीक्रमात पहिला उपजिल्हाधिकारी, दुसरा पोलीस उपअधीक्षक. यातला शेवटचा प्रश्न अवघड. पहिल्या खेपेला मी ‘दोन्ही पदांतून जनसेवा करता येते’ म्हणालो होतो, आणि त्यावर “मग गटविकास अधिकारी सहावा का? तिथे जनसेवा नसते?” असं विचारलं गेलं होतं. उत्तर नव्हतं. पसंतीक्रम भरतानाच प्रत्येक दोन पदांमध्ये वरचं वर का, याचं एक खरं वाक्य तयार ठेवा. ‘महसूलमध्ये पदोन्नतीच्या संधी अधिक वाटतात’ हेही चालतं, खरं असेल तर.

चार वर्षांच्या खंडाबद्दल दुसऱ्या मुलाखतीत प्राध्यापक बाईंनी जरा तिरकसच विचारलं, “सरकारने तुमच्या इंजिनिअरिंगवर खर्च केला. एखाद्या मुलाची सीट तुम्ही अडवलीत ना?” इथे बचाव सुरू केला की आवाज चढतो. मी आधी त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग मान्य केला: “हो मॅडम, त्या सीटवर आलेला दुसरा मुलगा आज कदाचित इंजिनिअर म्हणून काम करत असता.” मग माझी बाजू: बारावीनंतर निवड केली तेव्हा प्रशासन म्हणजे काय हे माहीत नव्हतं, कारखान्यात काम करताना कळलं की मला माणसांचे प्रश्न सोडवायला आवडतात, यंत्रांचे कमी. एवढ्यावर थांबलो. ‘इंजिनिअरिंगमुळे विश्लेषणक्षमता येते’ हे नेहमीचं वाक्य मुद्दाम टाळलं. ते त्यांनी त्या दिवशी सकाळपासून चारदा तरी ऐकलं असणार.

दोष सांगा म्हटलं की आपण सगळे ‘मी जरा परफेक्शनिस्ट आहे’ म्हणतो, म्हणजे गुणच दोषाच्या कपड्यात. मी तयारी करताना मित्रांना विचारलं, माझ्यात काय खुपतं? एक जण लगेच म्हणाला, “तू दुसऱ्याला दिलेलं काम परत स्वतः करतोस.” आमच्या अभ्यासिकेच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे होता आणि मी तो दर महिन्याला गुपचूप तपासायचो, हे त्याला माहीत होतं. मला वाटत होतं नाही. तोच प्रसंग मी मंडळाला सांगितला. लगेच प्रश्न आला की तहसील कार्यालयात एवढे कर्मचारी असतील, सगळ्यांचं काम तुम्हीच करणार का? मी म्हणालो की आता हिशेब त्याच्याकडेच आहे आणि मी तीन महिन्यांतून एकदा, त्याच्यासमोर बसून बघतो. खोटा दोष सांगितला असता तर त्यावरचं हे पुढचं उत्तर आलंच नसतं.

सराव मुलाखतींबद्दल थोडं. मी पुण्यात सात दिल्या, त्यातल्या तीन पुरेशा होत्या. एका ठिकाणी ‘जास्त हसता’ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ‘चेहरा कडक आहे’. दोन्ही सल्ले पाळायला गेलो असतो तर खुर्चीत माणूस उरला नसता. जास्त उपयोग मोबाइलवर रेकॉर्ड करून झाला. कळलं की माझं प्रत्येक उत्तर ‘म्हणजे बेसिकली’ने सुरू होतं आणि दोन मिनिटं चालतं. मग नियम केला: पहिल्या वाक्यात निर्णय किंवा मत, मग कारण, मग त्यातून होणारं नुकसान, आणि मिनिटाच्या आत थांबायचं. थांबल्यावर जी शांतता येते ती भरून काढायची नाही. हे जमायला मला दोन महिने लागले.

माहीत नसेल तेव्हा काय? मला विचारलं गेलं, टेंभू योजनेतून सांगोल्याच्या वाट्याला किती टीएमसी पाणी आहे. मी म्हणालो, “आकडा माहीत नाही सर. पाणी कऱ्हाड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णेतून उचललं जातं एवढं ठाऊक आहे.” जेवढं ठाऊक तेवढं सांगून पुढे अंदाज जोडला नाही. पहिल्या खेपेला मात्र अशाच एका प्रश्नाला ‘साधारण’ म्हणून आकडा ठोकला होता आणि पुढची पाच मिनिटं त्यातून बाहेर पडण्यात गेली होती.

कागदपत्रं, नवे बूट आदल्या आठवड्यात घालून बघणं, मूळ प्रती एका फाइलमध्ये, हे सगळे सांगतातच.

गुणांचं एक सांगायला हवं. माझ्या अभ्यासिकेतला एक मित्र माझ्यापेक्षा शांत आणि नेमका बोलतो, त्याला त्याच वर्षी दुसऱ्या पॅनेलकडे ४५ पडले. का, ते त्याला कळलं नाही आणि मलाही नाही. लेखीमध्ये दोघांत तेरा गुणांचा फरक होता, त्याचे जास्त. तो यादीत आला, माझ्या वर एक क्रमांक.

बाहेर आल्यावर मामांचा फोन आला. काय काय विचारलं म्हणाले. मी सांगितलं, तुमचा वाळूचा ट्रॅक्टर जप्त केला. मामा एस.टी.त कंडक्टर आहेत. ते म्हणाले, “आरं, माझ्याकडं सायकल तरी हाय का?”