‘कंडिशनल’ ऑफर आली, आता पुढे काय?

प्रिय सई,

ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाचं पत्र वाचलं, फार आनंद झाला! पण त्यावर ‘कंडिशनल’ लिहिलंय, म्हणजे प्रवेश अजून पक्का नाही. अटींचं पान नीट वाच. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र, इंग्रजी परीक्षेचे गुण, जे मागितलंय ते मुदतीत पाठव. निकाल लांबला तर आधीच ईमेल करून मुदत वाढवून माग. अटी पूर्ण होऊन अनामत भरली, की विद्यापीठ ‘कॅस’, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा क्रमांक देतं. त्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही.

मुलं अडकतात ती पैशांत. कॅसवर दाखवलेली पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस असावा लागतो. तुझ्या बाबांनी 2 जुलैला पैसे ठेवले, तर 29 जुलैला 28 दिवस भरतात. मधे एक दिवस जरी रक्कम कमी पडली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं बाबांच्या नावावर असेल तर तुझा जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोड. व्हिसासाठी लागणाऱ्या क्षयरोग तपासणीची वेळही आत्ताच घे.

तुझी,
मेघाताई