इंजिन कॅडेटचा अर्ज पाठवण्याआधी

मरीन इंजिनिअरिंगची पदवी हातात आली की पहिला अर्ज लगेच लिहून टाकावासा वाटतो. तसं करू नका. आधी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि एका कोऱ्या कागदावर प्रत्येकाच्या दोन तारखा लिहा: कधी मिळालं आणि कधी संपतं. क्रूइंग विभागातला माणूस अर्ज उघडतो तेव्हा त्याला सर्वात आधी हेच बघायचं असतं की हा मुलगा किंवा मुलगी जहाजावर कधी चढू शकेल आणि करार संपेपर्यंत सगळे कागद चालू राहतील का.

एक उदाहरण घ्या. अर्जदाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र 10 फेब्रुवारी 2025 चं आहे आणि तो डिसेंबर 2026 मध्ये रुजू व्हायला तयार आहे. एसटीसीडब्ल्यू करारानुसार हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, म्हणजे जहाजावर पाऊल ठेवल्यावर दोनेक महिन्यांत ते संपणार. प्रवासात मुदत संपली तर थोडी सवलत मिळते खरी, पण नव्या कॅडेटसाठी ती भानगड कोण ओढवून घेईल? म्हणून तपासणी पुन्हा करून घ्या आणि पत्रात नवी तारीख द्या. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा, कारण 03/04 म्हणजे कोणाला मार्च वाटतो, कोणाला एप्रिल. पासपोर्ट, सीमन बुक आणि बेसिक सेफ्टीची प्रमाणपत्रं यांवरचं नाव अक्षरशः एकच आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

मग कंपनीचा ताफा बघा. बल्क कॅरिअर चालवणाऱ्या कंपनीला टँकरबद्दलचा उत्साह कळवून काही उपयोग नाही. उलट तेल किंवा रसायनं वाहणारे टँकर असतील तर टँकरचं मूलभूत प्रशिक्षण झालंय का, हे पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच आलं पाहिजे. झालं नसेल तर कोर्सला कधी बसणार ते लिहा. पदाचं नावही जाहिरातीत आहे तेच वापरा: कोणी इंजिन कॅडेट म्हणतं, कोणी ट्रेनी मरीन इंजिनिअर.

आता पत्राचा गाभा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. 'मला डिझेल इंजिनांचं उत्तम ज्ञान आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी स्वतःच्या हातांनी केलेलं एकच काम निवडा. समजा, वर्कशॉपमध्ये जनरेटर इंजिनाचा फ्युएल इंजेक्टर उघडला होता. मग असं लिहा: 'इंजेक्टर काढून नोझल साफ केलं, टेस्ट बेंचवर ओपनिंग प्रेशर मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवलं, स्प्रे तपासला आणि टोकाशी थेंब गळत नाहीत याची खात्री केली.' एवढं वाचून सेकंड इंजिनिअरला कळतं की या मुलाने पाना हातात धरलाय. पाठवण्याआधी मात्र त्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दावर स्वतःला प्रश्न विचारा, कारण मुलाखतीत तेच येणार आहेत. प्रेशर किती होतं? कमी आलं असतं तर काय केलं असतं? थेंब गळत राहिले तर इंजिनावर काय दिसेल? याचं उत्तर, म्हणजे अपुरं ज्वलन, काळा धूर आणि त्या सिलिंडरचं वाढलेलं एक्झॉस्ट तापमान, तोंडपाठ नको, समजलेलं हवं. काम प्रशिक्षकाने केलं आणि तुम्ही बाजूला उभे होतात, तर 'पाहिलं' असंच लिहा.

कॅडेटशिप कशासाठी हवी आहे, तेही एका वाक्यात नेमकं सांगा. इंजिनरूम वॉचची जबाबदारी घेणारा अधिकारी होण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात वर्कशॉपचं प्रशिक्षण आणि समुद्रसेवा मिळून किमान 12 महिने लागतात. त्यातले किमान सहा महिने इंजिनरूममध्ये देखरेखीखाली वॉच ठेवण्याचे असतात आणि या सगळ्याची नोंद ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात व्हावी लागते. त्यातलं तुमचं काय झालं आणि काय उरलं, हे लिहिलंत की कंपनीला तुम्हाला किती काळ जहाजावर ठेवायचं याचा अंदाज येतो.

पत्र एका पानात बसवा, गुणपत्रिकेतले आकडे त्यात पुन्हा उतरवू नका, आणि जोडलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात तुमचं नाव व कागदाचं नाव असू द्या.

शेवटी, पत्र कुठे जातंय ते तपासा. पत्ता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. मध्ये एजंट असेल आणि तो जागा मिळवून देण्याचे पैसे मागत असेल, तर अर्ज तिथेच थांबवा. सागरी कामगार करार 2006 प्रमाणे नोकरी लावून देण्याचं शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीमन बुक, पासपोर्ट अशा कागदांचा खर्च तेवढा तुमच्यावर येऊ शकतो.