तीन दुकानांचं बजेट एकत्र केलं की विक्री फुगते: माझा अनुभव

आमचा फरसाणाचा एक कारखाना आणि तीन दुकानं. चारही बजेटं जोडली की विक्री १५० लाख दिसायची. गिऱ्हाइकांकडून येणार होते फक्त ९० लाख. उरलेले ६० लाख म्हणजे कारखान्याने दुकानांना दिलेला माल.

आधी एकूण विक्रीतून ६० लाख थेट वजा केले, तर खरेदी तशीच राहून नफा कोसळला. मग खरेदीही वजा केली, पण दुकानांची बेरीज ५७ लाखच होती. दोन रात्री यात गेल्या.

शेवटी शीटमधल्या प्रत्येक ओळीला B स्तंभामध्ये स्वतःचा आणि C मध्ये समोरच्या शाखेचा कोड दिला. E मध्ये विक्री अधिक, खरेदी उणे. मग प्रत्येक जोडीसाठी, जसं कारखाना K आणि दुसरं दुकान D2:

```
=SUMIFS(E:E,B:B,"K",C:C,"D2")+SUMIFS(E:E,B:B,"D2",C:C,"K")
```

उत्तर शून्यच हवं. D2 ला ३ लाख आले, कारण त्या दुकानाने गेल्या वर्षीचे दर धरले होते. फरक एकत्रित पत्रकात न मिटवता दुकानाच्याच बजेटात दुरुस्त केला. त्यानंतरच दोन्हीकडून ६०-६० लाख काढले.

एक गोष्ट तरीही उरते: शिल्लक मालातला नफा. कारखाना खर्चावर २० टक्के लावतो, म्हणून दुकानातल्या अखेरच्या १,२०,००० च्या साठ्यात २०,००० आपलाच नफा आहे. तो साठ्यातून पूर्ण काढायचा. मात्र सुरुवातीच्या ९०,००० च्या साठ्यातही असेच १५,००० होते, त्यामुळे वर्षाच्या नफ्यातून फक्त ५,००० कमी होतात.