न्यायालयीन निकालाच्या सारांशाचे फोटो चार ओळींत कसे आणायचे

कायद्याच्या नोट्समधल्या एखाद्या निकालाच्या पानांचे आठ-दहा फोटो मोबाइलमध्ये पडून राहतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातलं काय घ्यायचं ते कळत नाही. मी आता शेवटाकडून वाचते.

१. फोटो पान-क्रमांकाने लावा. शेवटचं पान आधी वाचून निर्णय एका ओळीत लिहा.

२. त्या निर्णयाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ते विचारा. तोच मुद्दा. तो प्रश्नचिन्हासह लिहा.

३. ‘म्हणून’, ‘कारण’ असलेल्या ओळींत कारणमीमांसा शोधा.

४. वस्तुस्थिती शेवटी. कारणमीमांसेत वापरलेली तेवढीच ठेवा, बाकीची खोडा.

विनीता शर्मा खटला (सर्वोच्च न्यायालय, २०२०) असा उतरला:

निर्णय: मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतकाच हक्क.
मुद्दा: त्यासाठी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असायला हवेत का?
कारण: हा हक्क जन्माने मिळतो, वडिलांच्या मृत्यूने नव्हे, म्हणून ते हयात असण्याची अट नाही.
वस्तुस्थिती: मुलीने वाटा मागितला, वडील १९९९ मध्ये वारले होते.

निर्णयाला अपवाद असेल तर त्याच ओळीत जोडा. इथे २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेली वाटणी उलटत नाही.

एक सांभाळा: ‘वकिलांनी असे मांडले की’ ही ओळ आधीच्या फोटोत राहिली, तर पुढच्या पानावरचा पक्षकाराचा युक्तिवाद न्यायालयाचं मत वाटतो. माझं एकदा असंच झालं होतं. पान मधूनच सुरू होत असेल तर मागचा फोटो उघडून बोलणारा कोण ते पाहा.