लांब ओळींची यादी अक्षरागणिक लावताना या चुका टाळा

दारव्हा तालुक्यातील एका कापूस उत्पादक गटाची सभासद यादी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. यादीतील प्रत्येक ओळ `यवतमाळ|दारव्हा|बोरी अरब|राठोड` अशी सुरू होते आणि पुढे नाव व गट क्रमांक येतो. ही यादी क्रमाने लावण्यासाठी मी एमएसडी रॅडिक्स सॉर्ट, म्हणजे पहिल्या अक्षरापासून पुढे कप्पे पाडत जाणारी पद्धत, जावामध्ये स्वतः लिहिली. त्या कामात ज्या चुका मी केल्या आणि इतरांच्याही प्रोग्रॅममध्ये पाहिल्या, त्यांविषयी हे टिपण आहे.

आधी लाभ कोठे आहे ते पाहू. UTF-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे `यवतमाळ|दारव्हा|` एवढा भाग ४१ बाइटांचा होतो आणि तो प्रत्येक ओळीत सारखाच असतो. ४०,००० ओळी मर्ज सॉर्टने लावायच्या म्हटल्या, तर साधारण साडेपाच लाख तुलना होतात. पूर्ण ओळींची तुलना दर वेळी पहिल्या बाइटापासून सुरू होत असल्यामुळे, गावाच्या नावापर्यंत पोहोचण्याआधीच बाइटांच्या सव्वादोन कोटी जोड्या वाचून होतात. एमएसडी पद्धतीत मात्र प्रत्येक स्थानावरचे बाइट एकदा मोजण्यासाठी आणि एकदा ओळ हलवण्यासाठी, असे दोनदाच वाचले जाते, म्हणजे तोच भाग सुमारे ३३ लाख वाचनांत संपतो. एका कप्प्यातील ओळी `d` या स्थानापर्यंत सारख्या आहेत हे ठरून गेलेले असते, म्हणून त्या ओळींचा मागचा भाग पुन्हा उघडावा लागत नाही. (तयार तुलना एका दमात अनेक बाइट तपासते, त्यामुळे घड्याळावर दिसणारा फरक या आकड्यांपेक्षा कमी असतो. ओळी पहिल्या दोन-तीन बाइटांतच वेगळ्या होत असतील, तर हा खटाटोप करूच नये.)

पहिली चूक सर्वांत लवकर उघडकीस येते. इंग्रजी नावांवर प्रोग्रॅम निर्धोक चालतो आणि पहिल्याच मराठी ओळीवर `Index -30 out of bounds for length 258` असे म्हणून बंद पडतो. जावातील `byte` ऋण किमतीही घेतो, त्यामुळे देवनागरीचा पहिला बाइट `E0`, जो २२४ असायला हवा, तो उणे ३२ होतो आणि त्यात दोन मिळवून मोजणीचा कप्पा शोधताना उणे ३० हाती लागते. याच ठिकाणी ओळ संपल्याची खूणही ठरवावी लागते.

```java
static int at(byte[] s, int d) {
    return d < s.length ? (s[d] & 0xFF) : -1;
}
```

येथे उणे एक ही किंमत महत्त्वाची आहे. ती सर्व बाइटांच्या आधी येते, म्हणून फक्त गावांची यादी लावताना "बोरी" हे "बोरी अरब"च्या आधी बसते. संपलेल्या ओळींच्या कप्प्यात पुन्हा उतरायचे नसते. काही जण संपलेल्या ओळीला शून्य देतात आणि शून्याच्या कप्प्यातही उतरतात. मग दोन ओळी तंतोतंत सारख्या निघाल्या, की `d` वाढतच राहतो आणि शेवटी `StackOverflowError` येतो. चाचणीच्या यादीत मुद्दाम एक ओळ दोनदा घालावी, म्हणजे हा दोष लगेच दिसतो.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे उत्तर बरोबर येते आणि फक्त वेळ जातो. प्रत्येक कप्प्यात उतरताना मोजणीचा तक्ता नव्याने शून्य करून त्याची बेरीज चालवावी लागते. बाइटांवर काम केले तर तो तक्ता २५८ घरांचा असतो. मी सुरुवातीला जावाच्या `String` वर सरळ `charAt` वापरले होते आणि तेव्हा ६५,५३६ चिन्हांसाठी घरे लागत होती. यादीचे तुकडे होत होत दोन-दोन ओळींचे गट उरतात. असे २०,००० गट धरले, तरी नुसती घरे पुसण्याचे काम १३१ कोटींवर जाते आणि त्यातून प्रत्येक गटात एकच अदलाबदल निघते. प्रोग्रॅम रेंगाळत असेल, तर प्रत्येक कॉलमधील गटाचा आकार मोजून पाहावा. बहुतेक कॉल दोन-तीन ओळींचे निघाले, तर दोष येथेच आहे.

यावर उपाय सर्वांना ठाऊक आहे. गट साधारण १५ ओळींपेक्षा लहान झाला, की कप्पे पाडणे थांबवून इन्सर्शन सॉर्ट लावायचा. पण घसरण याच उपायात होते. त्या इन्सर्शन सॉर्टमध्ये सवयीने `compareTo` लिहिले जाते आणि ज्या ४१ बाइटांपासून सुटका करून घेतली होती, ते पुन्हा वाचले जाऊ लागतात. कोणी `substring(d)` काढून तुलना करतो, ते त्याहून वाईट, कारण २०१२ मधील जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून `substring` अक्षरांची नवी प्रत तयार करते. तुलना `d` पासूनच सुरू व्हावी:

```java
Arrays.compareUnsigned(a, d, a.length, b, d, b.length)
```

तिसरी अडचण आपल्या लिपीच्या साठवणुकीतून येते. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी `E0` आणि दुसरा `A4` किंवा `A5` असतो, म्हणजे खरी निवड बहुधा तिसऱ्या बाइटावर होते. साधी एमएसडी मात्र तिन्ही वेळा सगळ्या ओळी मोजते आणि हलवते. मोजणीनंतर एकाच घरात सर्व ओळी आहेत असे दिसले, तर हलवाहलव टाळून सरळ `d+1` वर जावे, एवढ्या एका अटीने बरेच काम वाचते. जॉन बेंटली आणि रॉबर्ट सेजविक यांनी १९९७ मध्ये मांडलेला त्रिभागी रॅडिक्स क्विकसॉर्टही येथे चांगला चालतो. त्यात एका स्थानाचे चिन्ह घेऊन लहान, समान व मोठे असे तीनच भाग पडतात आणि समान भागातच पुढच्या चिन्हाकडे जातात, त्यामुळे मोजणीचा तक्ताच लागत नाही. मात्र तो सारख्या ओळींचा मूळ क्रम राखत नाही. नोंदणीचा क्रम टिकवायचा असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

मला स्वतःला तिसरा मार्ग आवडला. युनिकोडमध्ये देवनागरीची जागा `0900` ते `097F` म्हणजे १२८ चिन्हांची आहे आणि आस्कीची १२८ मिळून बरोबर २५६ होतात. प्रत्येक चिन्हाला एक बाइट देणारा तक्ता केला, की ४१ बाइटांचा समान भाग १५ वर येतो. शिवाय "ळ"ला "ह"नंतर बसवणे हे त्या तक्त्यातील क्रमांक बदलण्याएवढे सोपे होते, कारण युनिकोडच्या क्रमात तो "ल"च्या लगेच पुढे असतो.

या तक्त्यातून एक चिन्ह बाहेर राहते आणि तेथे मी फसलो. अर्धा "ऱ" कोणी `0931 094D` असा टाइप करतो, तर कोणी `0930 094D 200D` असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. `200D` साठी मी न वापरलेल्या नियंत्रणचिन्हांपैकी एक रिकामी जागा दिली आणि यादीत "कऱ्हाळे" हे आडनाव दोन ठिकाणी आले. एक "कर्वे"च्या आधी, तर दुसरे त्याच्या नंतर. दोन दिवस मी सॉर्टमध्ये चूक शोधत होतो, पण त्याने दिलेले बाइट बिनचूक लावले होते. युनिकोडचे NFC प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करत नाही, म्हणून आता यादी वाचतानाच `0930 094D 200D` बदलून `0931 094D` करतो आणि त्यानंतरच तक्त्याला हात लावतो.