47 कामांतून 6 निवडली

26 वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर 47 कामं जमली होती आणि बायोडाटा 9 पानांचा झाला होता. लातूरला पाणीपुरवठ्याच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला, बोलावणं आलं नाही.

मग वहीत एका ओळीत एक काम लिहिलं. आधी एवढंच पाहिलं, यात पाइपलाइन, जलकुंभ किंवा पंपिंग होतं का? 14 उरली. जीव लावून बांधलेला पूलही गेला, फार जड गेलं.

आकार रुपयांत मोजला नाही, कारण 2006 चा कोटी आणि आजचा कोटी एक नव्हे. लांबी आणि माझ्याकडची जबाबदारी धरली. 2006 ची लाइन 38 किलोमीटरची, पण माझ्याकडे त्यातले 4 किलोमीटर होते. 2021 ची 11 किलोमीटरची, तिचं डिझाइन ते चाचणी सगळं माझं. म्हणून धाकटी वर आली, थोरली एका ओळीत, ‘4 किमी’ असं स्पष्ट लिहून.

10 वर्षांपेक्षा जुनं एकच सविस्तर ठेवलं: पंप अचानक बंद पडला की पाइप फुटायचा, तिथे एअर व्हॉल्व्ह बसवून दाब आवरला होता. तसं काम पुन्हा आलं नाही. अशी 6 कामं सविस्तर राहिली. बाकीची सालवार एका परिच्छेदात घातली, म्हणजे मधली वर्षं रिकामी दिसत नाहीत.

तिसऱ्या अर्जाला बोलावणं आलं. पहिला प्रश्न त्या एअर व्हॉल्व्हचाच होता.